सरळव्याज की चक्रवाढ व्याज? ठेवीच्या वर्षागणिक वाढीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठेवीदारांकडून येणारे बहुतेक प्रश्न फिरून एकाच पेचापाशी येतात: एका ठेवीवर दसादशे ९ दराने सरळव्याज मिळते, दुसरीवर दसादशे ८ दराने चक्रवाढ व्याज मिळते, दोन्हींची मुदत पाच वर्षे आहे, तर यांतली कोणती घ्यावी? म्हणून खालच्या सगळ्या उत्तरांत हेच उदाहरण घेतले आहे. मुद्दल सर्वत्र १०० धरले आहे, म्हणजे वाढ थेट टक्क्यांत वाचता येईल. रक्कम आणि चलन कोणतेही असले तरी प्रमाण तेच राहते. आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत दिले आहेत. मात्र आकडेमोड पूर्ण दशांश ठेवून केली आहे, त्यामुळे छापलेल्या आकड्यांवरून पडताळा घेताना शेवटच्या स्थळी एखाद्याचा फरक दिसू शकतो.

१. सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज यांत नेमका फरक कोणता?

सरळव्याज दरवर्षी मूळ मुद्दलावरच आकारले जाते. मुद्दल १०० आणि दर ९ असेल, तर पहिल्या वर्षी ९, दुसऱ्या वर्षी ९ आणि पाचव्या वर्षीही ९ एवढेच व्याज मिळते. चक्रवाढीत वर्षअखेरीस झालेले व्याज मुद्दलात मिळवले जाते आणि पुढच्या वर्षीचे व्याज त्या वाढलेल्या रकमेवर धरले जाते. दर ८ असेल तर पहिल्या वर्षी ८ व्याज होते. दुसऱ्या वर्षी १०८ वर ८ टक्के म्हणजे ८.६४ होते, आणि त्यातले ०.६४ हे पहिल्या वर्षीच्या ८ वर मिळालेले व्याज असते. पहिल्या वर्षाच्या अखेरीस दोन्ही पद्धतींत काहीच फरक नसतो. दर सारखा असेल तर फरकाची सुरुवात दुसऱ्या वर्षापासून होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर सरळव्याजात व्याजाची रक्कम स्थिर राहते आणि चक्रवाढीत वाढीचा टक्का स्थिर राहतो. एकात जे स्थिर असते ते दुसऱ्यात बदलते. पुढची बहुतेक उत्तरे या एका वाक्यातून निघतात.

२. दोन्ही ठेवींचा पाच वर्षांचा हिशेब वर्षवार मांडून दाखवाल का?

खालच्या तक्त्यात प्रत्येक वर्षअखेरची रास, म्हणजे मुद्दल अधिक व्याज, दिली आहे. ‘वाढ’ या स्तंभात त्या वर्षाच्या सुरुवातीला जी रास होती तिच्यात त्या वर्षभरात किती टक्के भर पडली, ते दाखवले आहे.

| वर्ष | ९ सरळ: रास | वाढ (टक्के) | ८ चक्रवाढ: रास | वाढ (टक्के) |
|---|---|---|---|---|
| १ | १०९.०० | ९.०० | १०८.०० | ८.०० |
| २ | ११८.०० | ८.२६ | ११६.६४ | ८.०० |
| ३ | १२७.०० | ७.६३ | १२५.९७ | ८.०० |
| ४ | १३६.०० | ७.०९ | १३६.०५ | ८.०० |
| ५ | १४५.०० | ६.६२ | १४६.९३ | ८.०० |

तिसऱ्या वर्षअखेरपर्यंत सरळव्याजाची ठेव पुढे आहे. चौथ्या वर्षअखेरीस दोन्ही जवळजवळ बरोबरीला येतात, चक्रवाढ फक्त ०.०५ ने वर जाते, आणि पाचव्या वर्षअखेरीस तिची आघाडी १.९३ होते. त्यामुळे व्याज मुदतीअखेरीस एकदमच मिळणार असेल, तर तीन वर्षांसाठी पहिली ठेव चांगली आणि पाच वर्षांसाठी दुसरी. चार वर्षांच्या ठेवीत फरक इतका थोडा आहे की निर्णय व्याजावर न घेता इतर अटी पाहून घ्यावा.

३. सरळव्याजाचा दर ९ ठरलेला असताना वाढीचा टक्का ९ वरून ६.६२ कसा होतो? बँक दर कमी करते का?

दर कमी होत नाही. बदलतो तो भागाकाराचा पाया. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तुमच्या नावावर १०९ जमा दिसतात, पण व्याज त्यांतल्या १०० वरच मिळते आणि उरलेले ९ वर्षभर बिनव्याजी पडून राहतात. म्हणून १०९ च्या मानाने ९ ची भर ही ८.२६ टक्के होते. पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला १३६ जमा असतात आणि त्यांतले ३६ बिनव्याजी असतात, त्यामुळे तीच ९ ची भर १३६ च्या मानाने ६.६२ टक्के होते. मुदत जितकी लांब, तितका बिनव्याजी पडलेला भाग मोठा आणि वाढीचा टक्का लहान. दहाव्या वर्षी या ठेवीची वाढ ९ भागिले १८१, म्हणजे ४.९७ टक्के एवढीच असते.

पावतीवर छापलेले ‘दसादशे ९’ त्यामुळे खोटे ठरत नाही. ते मूळ मुद्दलाच्या मानाने सांगितलेले असते, तुमच्या जमा रकमेच्या मानाने नव्हे, आणि वाचताना नेमकी इथेच गल्लत होते.

४. तिसऱ्या वर्षीच सरळव्याजाची वाढ ८ टक्क्यांच्या खाली गेली, मग चक्रवाढ ठेव पुढे जायला चौथे वर्ष का उजाडावे लागले?

कारण वेग कमी होणे आणि मागे पडणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या वर्षी सरळव्याजाने १.०० ची आघाडी घेतली होती. दुसऱ्या वर्षी तिला ९ मिळाले आणि चक्रवाढीला ८.६४, म्हणून आघाडी वाढून १.३६ झाली. तिसऱ्या वर्षी चक्रवाढीचे व्याज ९.३३ झाले, सरळव्याजाचे ९ च राहिले आणि आघाडी १.०३ वर उतरली. चौथ्या वर्षी चक्रवाढीला १०.०८ मिळाले, तेव्हा कुठे ती आघाडी संपली. साठलेले अंतर भरून निघायला वेळ लागतो.

यातून एक उपयोगी खूण मिळते. चक्रवाढ ठेवीची शिल्लक ज्या वर्षी ११२.५० च्या पुढे जाते, त्याच्या पुढच्या वर्षापासून तिचे व्याज ९ पेक्षा अधिक होते, कारण ११२.५० चे ८ टक्के बरोबर ९ होतात. आपल्या उदाहरणात दुसऱ्या वर्षअखेरीस ही सीमा ओलांडली जाते. दोन दर वेगळे असतील तर मोठ्या दराला लहान दराने भागून १०० ने गुणावे, म्हणजे ही सीमा मिळते.

५. वर्षावर्षाचे वाढीचे टक्के बेरजेने मांडले तर एकूण वाढ का येत नाही?

प्रत्येक टक्का वेगळ्या पायावर काढलेला असतो, म्हणून. चक्रवाढीत पाच वेळा ८ मिळवले तर ४० येतात, पण खरी वाढ ४६.९३ टक्के आहे. सरळव्याजाच्या स्तंभातले ९.००, ८.२६, ७.६३, ७.०९ आणि ६.६२ मिळवले तर सुमारे ३८.६ येतात, आणि खरी वाढ ४५ टक्के आहे. टक्क्यांची साखळी गुणाकाराने जोडावी लागते: १.०९ ला १.०८२६ ने, त्याला १.०७६३ ने आणि पुढे तसेच गुणत गेले की १.४५ मिळतात. चक्रवाढीत प्रत्येक गुणक सारखाच असल्याने सूत्र आटोपशीर होते:

रास = मुद्दल × (१ + दर ÷ १००)^वर्षे

दर मध्येच बदलला तरी हाच नियम लागू पडतो. पहिल्या वर्षी १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ६ टक्के असेल, तर १.१० × १.०६ म्हणजे १.१६६० होतात. दोन्ही वर्षे ८ टक्के असते तर १.१६६४ झाले असते. सरासरी सारखी असली तरी चढउतारात किंचित तोटा होतो. दरांचा क्रम उलटा केला तरी उत्तर बदलत नाही, अर्थात मध्ये पैसे काढले किंवा भरले नसतील तर.

६. एका जाहिरातीत ८ टक्के दराच्या पाच वर्षांच्या चक्रवाढ ठेवीवर ‘सरासरी वार्षिक परतावा ९.३९ टक्के’ लिहिले आहे. म्हणजे दर खरोखर ९.३९ आहे का?

नाही. पाच वर्षांतल्या ४६.९३ टक्के वाढीला पाचाने भागले की ९.३९ मिळतात. हा आकडा गणिताने चुकीचा नाही, पण त्याचा अर्थ मर्यादित आहे: ही ठेव पाच वर्षांअखेर जेवढे देते, तेवढेच दसादशे ९.३९ दराचे सरळव्याजही देईल. तो दुसऱ्या ठेवीच्या चक्रवाढ दराशी ताडून पाहता येत नाही. शिवाय मुदत वाढवली की तो आपोआप फुगतो. तीच ८ टक्क्यांची ठेव दहा वर्षे ठेवली तर एकूण वाढ ११५.८९ टक्के होते आणि ‘सरासरी’ ११.५९ होते. ठेव तीच, दर तोच, फक्त भाजक बदलला. त्यामुळे अशा आकड्याशेजारी मुदत किती आहे ते पाहावे आणि मूळ चक्रवाढ दर विचारून घ्यावा.

७. मग सरळव्याजाची ठेव चक्रवाढ ठेवीशी ताडून पाहायची असेल तर काय करावे?

दोन्ही ठेवी एकाच मापात आणाव्यात, आणि ते माप चक्रवाढीचे असावे. सरळव्याजाच्या ठेवीची मुदतीअखेरची रास भागिले मुद्दल करावे, जितकी वर्षे तितके मूळ काढावे आणि त्यातून १ वजा करावा. आपल्या उदाहरणात १.४५ चे पाचवे मूळ १.०७७१ येते. म्हणजे दसादशे ९ सरळव्याज पाच वर्षांसाठी ७.७१ टक्के चक्रवाढीइतके आहे, आणि ते ८ पेक्षा कमी आहे. तीन वर्षांसाठी १.२७ चे घनमूळ १.०८२९ येते, म्हणजे ८.२९ टक्के, आणि ते ८ पेक्षा जास्त आहे. प्रश्न २ च्या तक्त्याने जे सांगितले तेच इथे एका आकड्यात मिळते. मूळ काढण्याची सोय नसेल तर तक्ता मांडावा. पाच ओळींना वेळ लागत नाही आणि चूक लगेच दिसते.

८. सरळव्याजाच्या ठेवीत व्याज दरवर्षी हातात मिळत असेल तर? तरीही चक्रवाढच बरी का?

हा या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटते. सरळव्याज मुदतीअखेरीस एकदम मिळणे आणि दरवर्षी हातात येणे या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे. प्रश्न ३ मध्ये जो भाग बिनव्याजी पडून राहतो असे म्हटले, तो दरवर्षी व्याज मिळत असेल तर तुमच्या हातात असतो आणि तो पुन्हा ठेवता येतो.

समजा दरवर्षी मिळणारे ९ तुम्ही लगेच दुसऱ्या एखाद्या ८ टक्के चक्रवाढीच्या ठेवीत घातले. पहिल्या वर्षीचे ९ चार वर्षे वाढतील आणि त्यांचे १२.२४ होतील. दुसऱ्या वर्षीचे तीन वर्षे वाढून ११.३४ होतील, तिसऱ्याचे १०.५० आणि चौथ्याचे ९.७२ होतील, तर पाचव्याचे ९ च राहतील. ही बेरीज ५२.८० होते. मूळ १०० धरून पाच वर्षांअखेर १५२.८० हाती येतात. ८ टक्के चक्रवाढीचे १४६.९३ त्यापुढे मागे पडतात. एवढेच काय, हातात आलेले व्याज जेमतेम २.१ टक्के दराने जरी ठेवले तरी १४६.९३ ची बरोबरी होते.

व्याज खर्च होणार असेल, उदाहरणार्थ घरखर्चासाठीच ठेव केली असेल, तर मात्र चक्रवाढीशी तुलना करण्यातच अर्थ नाही. तेव्हा दरवर्षी ९ मिळणे आणि ८ मिळणे एवढाच प्रश्न उरतो. ठेव निवडताना ‘व्याज सरळ की चक्रवाढ’ याच्या आधी ‘व्याज माझ्या हातात केव्हा येणार’ हे विचारावे.

९. व्याज तिमाहीने किंवा महिन्याने मुद्दलात मिळवले तर वाढ किती बदलते?

वार्षिक दर ८ आणि मिळवणी तिमाही असेल, तर दर तिमाहीला २ टक्के धरले जातात. १.०२ चा चौथा घात १.०८२४ येतो, म्हणून वर्षाची प्रत्यक्ष वाढ ८.२४ टक्के होते. सहामाही मिळवणीने ती ८.१६ होते, मासिक मिळवणीने ८.३० आणि दररोजच्या मिळवणीने ८.३३. म्हणजे वार्षिकावरून तिमाहीवर आल्याने जेवढा फायदा होतो, त्याच्या निम्मासुद्धा तिमाहीवरून दररोजवर गेल्याने होत नाही. मिळवणी क्षणाक्षणाला केली तरी ८.३३ च्या पुढे ती सरकत नाही. सतराव्या शतकात याकोब बर्नुली या गणितज्ञाने चक्रवाढीच्या याच प्रश्नाचा विचार करताना आज ज्याला ‘e’ म्हणतात त्या संख्येची चाहूल घेतली होती. तिमाही मिळवणीने पाच वर्षांत १०० चे १४८.५९ होतात, त्यामुळे प्रश्न २ मधील तुलना आणखी चक्रवाढीच्या बाजूने झुकते.

१०. ठेव दुप्पट व्हायला किती वर्षे लागतील?

सरळव्याजात १०० ला दराने भागावे: ९ दराने ११.११ वर्षे लागतात. चक्रवाढीत ७२ ला दराने भागण्याचा ठोकताळा आहे: ८ दराने ९ वर्षे येतात, आणि प्रत्यक्षात नवव्या वर्षअखेरीस १०० चे १९९.९० होतात. हा ठोकताळा ६ ते १० टक्क्यांच्या आसपास चांगला जमतो. २ टक्क्यांना तो ३६ वर्षे सांगतो, खरी ३५ लागतात. २० टक्क्यांना ३.६ सांगतो, खरी ३.८ लागतात.

११. माझ्या खात्याच्या उताऱ्यावर पद्धत लिहिलेली नाही. व्याज सरळ आहे की चक्रवाढ, हे कसे ओळखावे?

सलग दोन वर्षांचे व्याज घ्या आणि नंतरच्या वर्षाच्या व्याजाला आधीच्या वर्षाच्या व्याजाने भागा. उत्तर १ आले तर व्याज सरळ आहे. उत्तर १.०८ आले तर व्याज चक्रवाढ आहे आणि वर्षाची प्रत्यक्ष वाढ ८ टक्के आहे, मग मिळवणी कितीही वेळा होत असो; वार्षिक दर ८ आणि मिळवणी तिमाही असेल तर हेच उत्तर १.०८२४ येईल. पूर्ण वर्षांचेच व्याज घ्यावे, कारण पहिले वर्ष अर्धवट असेल तर भागाकार फसतो. व्याजातून कर कापून उरलेली रक्कम जमा दाखवली असेल, तर कापलेला कर आधी परत मिळवून घ्यावा.

१२. मुदत अडीच वर्षांची आहे. चक्रवाढीचा घात २.५ घ्यायचा का?

सूत्राने तसे करता येते आणि १.०८ चा २.५ वा घात १२१.२२ एवढी रास देतो. वार्षिक मिळवणी असेल तर बहुधा पूर्ण वर्षे चक्रवाढीने आणि उरलेला काळ सरळव्याजाने धरतात. म्हणजे दोन वर्षांचे ११६.६४, आणि त्यांवर सहा महिन्यांचे ४ टक्के, मिळून १२१.३१. दुसरी पद्धत ठेवीदाराला थोडी अधिक देते. वर्षापेक्षा कमी काळात सरळव्याज चक्रवाढीच्या घातापेक्षा मोठे असते, हा त्यातला गमतीचा भाग: सहा महिन्यांना सरळव्याजाने १०४ होतात आणि घाताने १०३.९२. तुमच्या आणि संस्थेच्या हिशेबात एवढाच फरक पडत असेल, तर चूक कोणाचीच नसून पद्धत वेगळी आहे.

१३. चक्रवाढ ठेव तिसऱ्या वर्षी मोडली तर तक्त्यातले १२५.९७ मिळतील का?

मिळतीलच असे नाही. मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीला पुष्कळदा ठरलेला दर न देता, प्रत्यक्षात जितका काळ ती राहिली तितक्या काळासाठीचा दर देतात, त्यातूनही काही कपात करतात आणि सगळे व्याज पहिल्या दिवसापासून नव्याने मोजतात. तो दर ७ ठरला तर १०० चे १२२.५० होतात. उताऱ्यावर आधी जमा दिसलेल्या व्याजातले ३.४७ परत जातात आणि ठेवीदाराला वाटते की मुद्दलच कापले. मुद्दल जागेवर असते; जमा दिसलेले व्याज पूर्ण मुदतीच्या अटीवर धरलेले असते, एवढेच. सरळव्याजाच्या ठेवीत व्याज दरवर्षी हातात मिळत असेल, तर जास्त गेलेले व्याज मोडताना मुद्दलातून वळते करतात आणि तिथे १०० पेक्षा कमी रक्कम परत येताना दिसू शकते. अटींच्या पत्रकात ‘मुदतपूर्व’ हा परिच्छेद पैसे ठेवण्याआधी वाचावा.

१४. व्याजावर दरवर्षी कर कापला गेला तर चक्रवाढ तशीच राहते का?

चक्रवाढ राहते, पण कमी दराने. कराचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून केवळ हिशेब समजण्यापुरता दहावा हिस्सा धरू. कर दरवर्षी ठेवीतूनच कापला तर ८ पैकी ७.२० टक्केच मुद्दलात मिळतात आणि पाच वर्षांअखेर १४१.५७ होतात. तोच दहावा हिस्सा मुदतीअखेरीस एकदम घेतला तर ४६.९३ पैकी ४.६९ जातात आणि १४२.२४ उरतात. कराचे प्रमाण सारखे असूनही ०.६७ चा फरक पडतो, कारण दरवर्षी कापल्या गेलेल्या रकमेला पुढे व्याज मिळत नाही. मुदत वाढेल तसा हा फरक वाढत जातो. कर ठेवीबाहेरच्या पैशांतून भरला तर ठेव मात्र पूर्ण ८ टक्क्यांनीच वाढते.